विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला: सगळं 'मर्यादेत', मग प्यायचं का?

माळावरचा
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात आमची वस्ती आहे. दगडी बांधणीची जुनी विहीर, व्यास वीसेक फूट, सध्या बाराएक फूट पाणी. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला घर. आजवर कुणी पाणी तपासलं नव्हतं. आता बहीण बाळंतपणाला आलेली आहे, बाळ तीन महिन्यांचं आहे आणि त्याला वरचं पावडरचं दूधही चालू आहे, म्हणून तपासून घेतलं. रिपोर्ट जसा छापलाय तसा देतो. पहिला आकडा आमच्या पाण्याचा, दुसरा रिपोर्टातल्या 'कमाल मर्यादा' या रकान्यातला.

पीएच : ७.६ / ६.५ ते ८.५
गढूळपणा : ०.८ / ५
टीडीएस : १०५० / २०००
एकूण कठीणपणा : ५६० / ६००
कॅल्शियम : ९६ / २००
मॅग्नेशियम : ७८ / १००
क्लोराइड : २४० / १०००
सल्फेट : १२० / ४००
अल्कता : ३४० / ६००
नायट्रेट (NO3-N) : १४.२ / ४५
फ्लोराइड : ०.७ / १.५
लोह : ०.२ / १.०
कोलिफॉर्म (१०० मिलीत) : २३ / नसावेत
ई-कोलाय : आढळले / नसावेत

तळाशी शेरा आहे, 'रासायनिकदृष्ट्या पिण्यास योग्य. जैविकदृष्ट्या अयोग्य, टीसीएल टाकून वापरावे.' म्हणजे टीसीएल टाकली की झालं, असं धरू का? दुसरं असं की, टीडीएस ५०० च्या आत हवा असं जो तो सांगतो, मग रिपोर्टात २००० कुठून आलं?

बाळेवाला
टीडीएसचा पेन घ्या, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. बाकी रिपोर्ट फिपोर्ट काही लागत नाही. १०५० म्हणजे डायरेक्ट नापास. आरओ बसवा आणि १०० च्या आसपास ठेवा. आमच्याकडे पाच वर्षं हेच चाललंय.

होटगी_रोड
आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते आलंय हाच आमचा रिपोर्ट.

सून_अक्कलकोटची
कठीणपणा ५६० वाचून सासरची विहीर आठवली. तुरीची डाळ काही केल्या शिजायची नाही, सासूबाईंना वाटायचं मीच गॅस बारीक ठेवते. शेवटी डाळीपुरतं गावातल्या आडाचं पाणी आणायला लागले. गीझरची कॉइल दरवर्षी बदलावी लागायची ती वेगळीच. या पाण्याने मुतखडा होतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात, ते खरं का?

प्रयोगवही
पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली आहे, आता निवृत्त आहे. माळावरचा, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बघते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलं आहे.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० आहे, २०१२ सालचं. त्यात बहुतेक घटकांपुढे एक नाही, दोन आकडे असतात. पहिली स्वीकार्य मर्यादा, म्हणजे पाणी खरं तर याच्या आत असावं. दुसरी अनुज्ञेय मर्यादा, आणि तिच्या डोक्यावर एक अट लिहिलेली असते, 'पर्यायी स्रोत नसल्यास'. टीडीएसला हे आकडे ५०० आणि २०००. कठीणपणाला २०० आणि ६००. क्लोराइडला २५० आणि १०००. तुमच्या प्रयोगशाळेने फक्त दुसरा रकाना छापला आहे, म्हणून ५६० शांतपणे पास झालेलं दिसतं. तुम्हाला लोक ५०० सांगतात ते पहिल्या रकान्यातलं, रिपोर्टात २००० आलं ते दुसऱ्यातलं. दोन्ही बरोबर आहेत, मधली अट गाळली की भांडण होतं.

काही घटकांना मात्र दुसरा आकडाच नाही. तिथे 'सवलत नाही' असं लिहिलेलं असतं. पीएच, लोह आणि नायट्रेट त्यातले. म्हणून रिपोर्ट हातात आला की मी आधी या ओळी बघते. टीडीएस कितीही ठळक छापलेला असला तरी तो नंतर.

आणि आता तुमची नायट्रेटची ओळ परत वाचा. कंसात काय आहे?

माळावरचा
NO3-N. ते नायट्रेटचंच सूत्र ना? १४.२ आहे, मर्यादा ४५. तिसरा हिस्सासुद्धा नाही.

बाळेवाला
तेच तर. नायट्रेट ओके आहे, टीडीएस नापास आहे.

प्रयोगवही
NO3 हे नायट्रेट. त्याच्यापुढे जोडलेला तो N सांगतो की मोजलंय नायट्रेट, पण आकडा लिहिलाय त्यातल्या एकट्या नायट्रोजनचा. नायट्रेटमध्ये नायट्रोजनचं वजन १४ आणि ऑक्सिजनचं ४८, मिळून ६२. मानकातले ४५ आहेत ते या अख्ख्या ६२ च्या हिशोबाने. तेव्हा नायट्रोजनचा आकडा ६२ भागिले १४ ने, म्हणजे ४.४३ ने गुणायचा आणि मग ४५ शी लावायचा.

१४.२ गुणिले ४.४३ म्हणजे साधारण ६३.

उलटं करून बघायचं असेल तर ४५ ला ४.४३ ने भागा, १० च्या जरा वर येतं. अमेरिकेत मर्यादा १० लिहितात ती नायट्रोजनमध्येच. त्यांचा नियम आपल्यापेक्षा चौपट कडक आहे असं काही लोक सांगत फिरतात, तसं काही नाही, माप वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे ५० हे पुन्हा अख्ख्या नायट्रेटचे.

तुमच्या प्रयोगशाळेने आकडा एका मापात आणि मर्यादा दुसऱ्या मापात छापली असावी. 'असावी' म्हणते, कारण कधी कधी उलटंही होतं. आकडा अख्ख्या नायट्रेटचाच असतो आणि ओळीचं नाव जुन्या साच्यातून तसंच राहतं. नुसत्या कागदावरून याचा निकाल लागत नाही, फोन करून विचारावं लागेल.

गुरुजी_मंगळवेढा
आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विहिरीचंच पाणी प्यायले. त्यांना N माहीत नव्हता आणि NO3 पण नव्हता.

होटगी_रोड
गुरुजी, आजोबांच्या वेळी उसाला युरियापण माहीत नव्हता.

बाळेवाला
पण ताई, आकडा एवढा चुकला असता तर बाकी रिपोर्टवरून कळलं नसतं का? सगळ्या क्षारांची बेरीज वगैरे करतात ना?

प्रयोगवही
चांगला प्रश्न आहे. ताळा करता येतो, पण प्रत्येक ताळा प्रत्येक चूक पकडत नाही.

कठीणपणाचा ताळा अगदी सोपा आहे. कॅल्शियम गुणिले २.५, मॅग्नेशियम गुणिले ४.१, दोन्हींची बेरीज. इथे ९६ चे २४०, ७८ चे ३२०, बेरीज ५६०. रिपोर्टातही ५६०. म्हणजे या तीन ओळी तरी एकमेकींशी जुळतात. पण आनंद जपून करा, कारण बऱ्याचदा मॅग्नेशियम वेगळं मोजतच नाहीत, कठीणपणातून कॅल्शियम वजा करून काढतात. मग ते जुळणारच.

नायट्रेटचा ताळा मात्र इथे लागत नाही. त्यासाठी धन आणि ऋण आयनांची बेरीज समोरासमोर मांडायला लागते, आणि या रिपोर्टात सोडियमच मोजलेलं नाही. जेवढं कमी पडेल तेवढं सोडियम धरायचं म्हटलं तर नायट्रेट १४ असो की ६३, बेरीज जुळवून दाखवता येते. शिवाय एवढ्या खाऱ्या पाण्यात त्या फरकाचा वाटा फार तर पाच टक्के. टीडीएसच्या पेनवर तर तो दिसायचाच नाही.

बालरोग_बार्शी
बाळाचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत पावडरच्या दुधाला हे पाणी वापरू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटातले जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बदलून टाकतं, मग ते प्राणवायू वाहून नेत नाही. ओठ आणि नखं निळसर-करडी दिसायला लागतात. मोठ्या माणसाला त्याच पाण्याने सहसा असं होत नाही, त्यामुळे घरात कुणाला संशय येत नाही. बाळाला जुलाब असतील तर धोका वाढतो, आणि तुमच्या पाण्यात ई-कोलायही आहे. दोन्ही एकत्र नकोत.

आईने हे पाणी प्यायलं म्हणून अंगावरच्या दुधातून नायट्रेट फारसं उतरत नाही, ते चालू ठेवा. बाळ आत्ता ठीक आहे ना?

माळावरचा
बाळ एकदम खणखणीत आहे, रात्रभर जागवतंय. पण वाचून धस्स झालं. आम्ही पावडर कालवायला पाणी चांगलं वीस मिनिटं उकळतो, त्याने भागत नाही का?

सून_अक्कलकोटची
उकळलं की सगळं मरतं ना?

प्रयोगवही
मरतं ते जिवंत असलेलं. ई-कोलायसाठी उकळणं उत्तम. नायट्रेट हा विरघळलेला क्षार आहे, तो वाफेबरोबर जात नाही, भांड्यातच राहतो. चार लिटर उकळून तीन उरलं तर ६३ चे ८४ होतात. तेव्हा बाळासाठी जास्त काळजीने जास्त वेळ उकळलेलं पाणी या एका बाबतीत जास्त वाईट.

टीसीएलचंही तेच. जंतूंवर चालते, नायट्रेटला हात लावत नाही. तुरटी, कापडाची गाळणी, कँडल, नुसता यूव्हीवाला फिल्टर, यातलं काहीही नायट्रेट काढत नाही. आरओ काढतो.

बाळेवाला
म्हणजे शेवटी आरओच! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. 😀

प्रयोगवही
सांगितलं होतं, आणि इथे ते लागूही पडतं, पण पेनने नाही. तुमच्या मशीनच्या मागे एक छोटा स्क्रू असतो, टीडीएस कंट्रोलर म्हणतात. पाणी अगदी बेचव लागू नये म्हणून तो थोडं मूळ पाणी पडद्याला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळतो. मेकॅनिक चवीसाठी तो सैल करून जातो. जितकं मूळ पाणी मिसळेल तितकं नायट्रेटही परत येतं. पेन १५० दाखवेल आणि त्या १५० मध्ये नायट्रेट किती हे पेनला माहीत नसतं. जुना पडदाही नायट्रेट आधी सोडायला लागतो, क्लोराइड-सल्फेटच्या मानाने ते पडद्यातून जास्त सहज निसटतं. म्हणून आरओ बसवला तर आतलं आणि बाहेरचं, दोन्ही पाणी एकदा नायट्रेटसाठी तपासायचं.

बाळेवाला
स्क्रूचं माहीत नव्हतं. आमचा मेकॅनिक दर वेळी म्हणतो 'साहेब, गोड करून दिलं'. उद्या मागे बघतो.

माजी_सरपंच
माळावरचा, फोनच्या नादी लागण्याआधी तुमच्या ग्रामपंचायतीत जा. तिथे पाणी तपासायची किट असते, जलजीवनमध्ये गावोगाव दिली आहे. जलसुरक्षकाला किंवा प्रशिक्षण घेतलेल्या बायकांना धरा. नायट्रेटची बाटली असते, औषध टाकायचं, गुलाबी रंग किती गडद येतो तो पट्टीशी जुळवायचा. आकडा अचूक येत नाही पण १४ आणि ६३ मधला फरक आंधळ्यालाही दिसेल. औषधाची मुदत संपलेली नाही ना तेवढं बघा, आमच्याकडे संपलेली होती.

आणि टीसीएलचं म्हणाल तर आमच्या काळात शिपाई अंदाजाने घमेलंभर टाकायचा. मग गावभर बोंब, पाण्याला वास येतो, डोळे चुरचुरतात.

प्रयोगवही
सरपंचांनी मांडलेला मार्ग एकदम योग्य आहे. आणि घमेल्यावरून आठवलं, हिशोबच करून टाकू. व्यास वीस फूट म्हणजे त्रिज्या दहा. ३.१४ गुणिले दहाचा वर्ग गुणिले बारा फूट पाणी, साधारण ३७७० घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर धरले तर एक लाख सात हजार लिटरच्या आसपास. चांगल्या प्रतीची टीसीएल असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे २७० ग्रॅम. पाव किलोच्या थोडं वर. बादलीत कालवून, चुनखडी खाली बसू देऊन वरची निवळ विहिरीत सोडायची, बादलीनेच पाणी ढवळायचं. तासाभराने ओटी टेस्ट घ्या, ०.५ च्या आसपास क्लोरीन दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर पोतं ओलं होऊन टीसीएल मेलेली आहे किंवा पाण्यात घाण जास्त आहे. मग मात्रा थोडी वाढवून परत ओटी.

काळी_माती
मी कृषी क्षेत्रातला. नायट्रेट आलं कुठून यावर कुणीच बोललं नाही. तिन्ही बाजूंनी ऊस आहे, उत्तर समोर आहे. युरियाचं जमिनीत नायट्रेट होतं आणि ते मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. उसाला पाटाने भरपूर पाणी, वर काळी माती, खाली मुरूम आणि मांजऱ्या खडक. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्या पावसात त्या भेगांतून सगळं थेट खाली. विहीर त्याच मुरमातून पाझरते. युरिया दोन-तीनदाच मोठ्या हप्त्यांत टाकता का?

माळावरचा
हो, पोती दोन हप्त्यांतच जातात. पण संडासाचा शोषखड्डापण विहिरीपासून चाळीसेक फुटांवर आहे. आणि उताराच्या वरच्या अंगाला आहे, आता विचार करतोय तर.

प्रयोगवही
मग मी काळी_मातींशी पूर्ण सहमत नाही. विहीर घाणीच्या जागेपासून निदान पन्नास फूट लांब असावी असं धरतात, आणि तेही उताराच्या वर. इथे अंतर कमी आणि उतार उलटा. नायट्रेटबरोबर ई-कोलायही आहे, क्लोराइडही २४०. युरिया ई-कोलाय आणत नाही.

काळी_माती
ई-कोलाय उघड्या विहिरीत कुठूनही येतो हो. कबुतरं, पारवे, पाणी प्यायला आणलेली जनावरं, काठावर धुतलेली बादली. क्लोराइड म्हणाल तर या पट्ट्यात खालच्या अंगाच्या विहिरींना तेवढं असतंच, पोटॅशचं खतही क्लोराइडवालंच असतं. एका रिपोर्टवरून खड्ड्याला फाशी देऊ नका.

प्रयोगवही
तेही खरं आहे. तुलनेला दुसरी विहीर लागेल. उसातलीच, पण जिच्या वर घर-संडास नाही अशी. तिथेही नायट्रेट साठ-सत्तर आलं तर युरियाचं पारडं जड. तिथे वीस-पंचवीस आणि क्लोराइडही बरंच कमी आलं, तर खड्ड्याकडे बोट जाईल. नमुने एकाच दिवशी घ्यायचे, नाहीतर तुलना फुकट. आणि आत्ता एकदा, मग पाऊस झाल्यावर एकदा, कारण नायट्रेट वर्षभर एकसारखं राहत नाही.

नमुना कसा घेतला होता तेही सांगा. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक होती की घरची?

माळावरचा
रसायनांसाठी घरची बिसलरीची बाटली, जंतूंसाठी त्यांनी दिलेली. मोटर चालू करून दहा मिनिटांनी पाइपखाली धरली. त्या दिवशी शनिवार होता, दिली सोमवारी.

प्रयोगवही
रसायनांना धुतलेली बाटली चालते. पण जंतूंचा नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचायला हवा. दोन दिवसांत २३ चे वाढलेही असतील, मेलेही असतील. तो आकडा म्हणून धरू नका. 'आढळले' एवढंच धरा, कारण मर्यादा शून्य आहे, तिथे २३ आणि ३ यात निर्णय बदलत नाही. नायट्रेटचा नमुनाही थंड ठेवलेला बरा, जीवाणू तेही खातात. म्हणजे बदल झालाच असेल तर मूळचं नायट्रेट मोजलंय त्यापेक्षा जास्तच असण्याची शक्यता.

डाळिंबवाला_सांगोला
धागा मन लावून वाचला. पण एक कळेना, या पाण्यावर डाळिंब चालेल का? टीडीएस १०५० ला भगवा टिकेल?

होटगी_रोड
बाळ तीन महिन्यांचं आहे हो, डाळिंब अजून खात नाही.

काळी_माती
😂 पण प्रश्न वाईट नाही. या पाण्यात नायट्रोजन फुकट येतोय. हजार लिटरला १४ ग्रॅम. हंगामात एकराला दहा लाख लिटर पाणी गेलं तर १४ किलो नायट्रोजन, म्हणजे तीस किलो युरिया तुम्ही न टाकता पडला. उसाला तेवढा युरिया कमी करता येईल, आणि डाळिंबाला ते मोजलं नाही तर फुटवे नुसते हिरवे वाढतात. इथे शिफारस 'सवलत नाही'च्या अगदी उलट आहे.

माळावरचा
अपडेट देतो. काल ग्रामपंचायतीतली किट मिळाली, औषधाची मुदत शिल्लक होती. रंग पट्टीवरच्या ४५ च्या खान्यापेक्षा गडद, १०० पेक्षा फिका. आज प्रयोगशाळेत फोन लागला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आकडा नायट्रोजनमध्येच आहे, मर्यादेचा रकाना साच्यात तसाच आहे, दुरुस्त रिपोर्ट पाठवतो. म्हणजे ६३ च.

बाळासाठी आजपासून सीलबंद बाटलीचं पाणी आणलं. गावात जार येतात ते थंडगार असतात, ते चालतील का?

बालरोग_बार्शी
जार नको. त्या सुट्या जारवर बहुतेक वेळा कुठलंच मानक चिन्ह नसतं, आत कुठल्या बोअरचं पाणी आहे ते भरणाऱ्यालाच माहीत. सीलबंद बाटलीवर आयएस १४५४३ चं चिन्ह बघून घ्या, उकळून कोमट करूनच पावडर कालवा. फक्त उकळी आणा, आटवू नका.

सून_अक्कलकोटची
माझ्या मुतखड्याचं राहिलंच.

प्रयोगवही
राहिलं खरं. कठीणपणाची मर्यादा मुख्यतः साबण, भांडी, पाइप आणि चव यासाठी ठेवलेली आहे. मुतखड्याशी संबंध यावर मी दोन्ही बाजूंचं ऐकलं आहे, ठाम बोलणार नाही.

बालरोग_बार्शी
माझा विषय नाही, पण सोलापूरच्या उन्हात पाणी कमी पिणं हे जास्त मोठं कारण दिसतं. कठीण पाणी आवडत नाही म्हणून कमी पिणारेही पाहिले आहेत.

गुरुजी_मंगळवेढा
आमचे आजोबा भरपूर पाणी प्यायचे. असो. ताई, आमच्याही विहिरीचा रिपोर्ट कपाटात आहे, शाळेच्या कामासाठी काढला होता. त्यात नायट्रेट ९ आहे आणि पुढे काहीच लिहिलेलं नाही. ९ ला घाबरायचं का?

प्रयोगवही
९ अख्खं नायट्रेट असेल तर निवांत. ९ नायट्रोजन असेल तर ४० होतं, ४५ च्या आत पण अगदी कडेला, पावसाळ्यानंतर ओलांडू शकतं. माप लिहिलेलं नसेल तर त्याच प्रयोगशाळेला विचारा. तपासणीची पद्धत कागदावर असेल तर तीही सांगा, त्यावरून अंदाज येतो.

माळावरचा
मी शेजारच्या भावकीच्या विहिरीचा नमुना घ्यायचं ठरवलंय. त्यांची विहीर उसातच आहे, घर लांब आहे. या वेळी मंगळवारी सकाळी काढून त्याच दिवशी सोलापूरला पोचवतो, बर्फाच्या डब्यात. दोन्ही विहिरींचं नायट्रेट, क्लोराइड आणि ई-कोलाय. सोडियमपण घालू का?

प्रयोगवही
घाला. मग धन-ऋणाचा ताळा लागेल, प्रयोगशाळेचीही परीक्षा होईल. आणि अर्जावरच लिहून द्या, 'नायट्रेट NO3 मध्ये द्यावे, मर्यादेचे दोन्ही रकाने छापावेत'.

काळी_माती
निकाल इथे टाका. मी अजून युरियावरच आहे.

माजी_सरपंच
आणि खड्डा हलवायचा ठरला तर शौचालयाचं दोन खड्ड्यांचं डिझाइन ग्रामपंचायतीत आहे. निकाल काहीही येवो, वरच्या अंगाला तो ठेवू नका.

डाळिंबवाला_सांगोला
सोडियम आल्यावर माझ्या भगव्याचं सांगता येईल का?

प्रयोगवही
हे पाणी त्यांचं आहे, तुमचं नाही. तुमच्या बोअरचा नमुना द्या आणि सिंचनाची तपासणी मागा, त्यात ईसी आणि सोडियमचं गुणोत्तर येतं. पिण्याचा तक्ता त्याला लावू नका. वेगळा धागा काढलात तर काळी_माती येतीलच.

डाळिंबवाला_सांगोला
काढतो. नमुना शनिवारी देणार नाही.